रिसॉर्टकडून १,५४४ रुपये कमी आले, ते टीडीएसचेच आहेत हे मेलमध्ये कसं लिहायचं?

प्रश्न: मालवणात माझं एसी आणि कोल्ड रूम रिपेअरिंगचं काम आहे, एकट्याच्या नावावर, जीएसटी नंबर आहे. तारकर्लीकडच्या एका रिसॉर्टला दोन बिलं दिली, ऑक्टोबरचं ६०,००० आणि डिसेंबरचं ८०,०००, दोन्हीवर १८ टक्के जीएसटी वेगळा. बँकेत आले ७०,२०० (नोव्हेंबरमध्ये) आणि ९३,४५६ (जानेवारीत). मी स्टेटमेंट पाठवलं त्यात १,५४४ बाकी दिसली, तर त्यांच्या मुंबई ऑफिसमधून मेल आला की आमच्याकडे तुमचं खातं शून्य आहे, बाकी कसली ते लेखी कळवा. माझ्या पॅनवर जमा झालेला टॅक्स दाखवणाऱ्या फॉर्म २६एएसमध्ये ६०० दिसतात, ९४४ दिसत नाहीत. आता फेब्रुवारी २०२६ चा मध्य आहे. उत्तराचा मेल कसा लिहू? संबंध बिघडवायचे नाहीत, पुढच्या सीझनचं कामही तिथेच आहे.

उत्तर:

मेल लिहायला बसायच्या आधी कॅल्क्युलेटर घ्या, कारण "कमी आलेले पैसे टीडीएसचे असतील" असं मोघम लिहिलं तर समोरचा अकाउंटंट पुन्हा तोच प्रश्न विचारणार आणि महिनाभर मेलामेली चालू राहणार. दोन्ही बिलांची बेरीज करून एकदम बघू नका, एक एक बिल वेगळं घ्या आणि जेवढे पैसे कमी आले त्याला जीएसटी सोडून जी मूळ रक्कम आहे तिने भागा.

पहिलं बिल ६०,००० अधिक जीएसटी १०,८०० म्हणजे ७०,८००, आले ७०,२००, कमी ६००. ६०० भागिले ६०,००० बरोबर एक टक्का. इथे शंकेला जागाच नाही, हा कंत्राटी कामावरचा टीडीएस आहे, इन्कम टॅक्स कायद्याचं कलम १९४सी, आणि तुम्ही एकटे मालक असल्यामुळे दर एक टक्का. तुमच्या पॅनचं चौथं अक्षर बघा, P असणार, म्हणजे व्यक्ती. कंपनीला C असतं आणि पार्टनरशिपला F, त्यांना हाच दर दोन टक्के लागतो. एका बिलाची रक्कम ३०,००० च्या वर गेली की कापणं त्यांना बंधनकारक आहे, त्यामुळे रिसॉर्टने कापलं यात त्यांची काही मनमानी नाही.

दुसरं बिल ८०,००० अधिक १४,४०० म्हणजे ९४,४००, आले ९३,४५६, कमी ९४४. आता ९४४ भागिले ८०,००० केलं की १.१८ टक्के येतं. हा १.१८ चा आकडा लक्षात ठेवा, पुढे खूप वेळा भेटेल. याचा अर्थ कुणीतरी जीएसटीसकट पूर्ण बिलावर एक टक्का लावलाय. कंपनी किंवा पार्टनरशिपच्या बाबतीत हीच गडबड झाली की २.३६ येतं. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस फक्त मूळ रकमेवर कापायचा, हे सीबीडीटी म्हणजे इन्कम टॅक्सच्या केंद्रीय मंडळाच्या १९ जुलै २०१७ च्या परिपत्रकात, क्रमांक २३/२०१७, स्पष्ट दिलंय. पहिल्या बिलाला त्यांनी बरोबर कापलं आणि दुसऱ्याला नाही, म्हणजे बहुतेक माणूस बदलला किंवा सिस्टिममध्ये बिल टाकताना बेरीज एकाच खान्यात टाकली गेली.

म्हणजे तुमच्या १,५४४ चे दोन भाग झाले. १,४०० हा योग्य टीडीएस, आणि १४४ हे जीएसटीवर चुकून कापलेले. मेलमध्ये हे दोन भाग वेगळे दिसलेच पाहिजेत, कारण १,४०० बद्दल त्यांना काहीच करायचं नाहीये, फक्त मान्य करायचंय, आणि १४४ बद्दल त्यांना एक छोटा निर्णय घ्यायचाय. दोन्ही एकत्र लिहिलंत तर त्यांना वाटणार तुम्ही १,५४४ मागताय.

आता दुसरी गोष्ट, आणि खरं सांगायचं तर मूळ घोळ इथे आहे. तुमच्या स्टेटमेंटमध्ये बाकी का दिसली? कारण तुमच्या वह्यांत फक्त बँकेची एंट्री पडली. ७०,८०० नावे, ७०,२०० जमा, ६०० लटकले. रिसॉर्टच्या बाजूने बघा, त्यांनी तुमच्या खात्यात ७०,८०० जमा केले, ७०,२०० बँकेतून दिले आणि ६०० टीडीएस म्हणून सरकारकडे भरायला काढले, खातं शून्य. ते बरोबरच बोलतायत. तुम्ही टॅली वापरत असाल तर एक जर्नल मारायचं, टीडीएस रिसीव्हेबल नावे ६००, रिसॉर्ट जमा ६००, खाली बिल नंबर लिहायचा. दुसऱ्या बिलाला ८०० चं तसंच जर्नल. १४४ मात्र सध्या रिसॉर्टच्याच खात्यात बाकी राहू द्या, त्याचा निकाल त्यांच्या उत्तरावर लागेल. हे जर्नल मारून मगच मेलला नवीन स्टेटमेंट जोडा. जुनं स्टेटमेंट तसंच ठेवून मेलमध्ये "ही बाकी टीडीएसची आहे" असं नुसतं लिहिणं म्हणजे कागद एक बोलतो आणि तुम्ही दुसरं बोलता.

एक जपा. जर्नल मारताना विक्री कमी करायची नाही. काही जण बँकेत ७०,२०० आले म्हणून बिलच ५९,४०० चं दाखवतात, ते पूर्ण चुकीचं आहे. तुमचं उत्पन्न ६०,००० च आहे, जीएसटीही पूर्ण १०,८०० च भरायचाय, आणि ६०० हा तुमचाच इन्कम टॅक्स आहे जो रिसॉर्टने तुमच्या वतीने आधी भरला. रिटर्न भरताना तो वजा मिळतो किंवा टॅक्स बसत नसेल तर परत येतो.

आता ते न दिसणारे ९४४. त्यावरून लगेच "तुम्ही कापले पण भरले नाहीत" असं लिहू नका. तारखांचं गणित समजून घ्या. टीडीएस कापायचा तो बिल खात्यात जमा करताना किंवा पैसे देताना, यातलं जे आधी होईल तेव्हा. कापलेले पैसे पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचे. पण तुमच्या २६एएसमध्ये नाव कधी येतं, तर ते तिमाहीचं रिटर्न, म्हणजे २६क्यू, भरल्यावर. ऑक्टोबर ते डिसेंबर तिमाहीचं रिटर्न ३१ जानेवारीपर्यंत, आणि जानेवारी ते मार्चचं थेट ३१ मेपर्यंत. तुमचे ६०० ऑक्टोबरमध्ये जमा झाले, तिसऱ्या तिमाहीच्या रिटर्नमध्ये गेले, दिसले. डिसेंबरचं बिल त्यांनी डिसेंबरमध्ये खात्यात घेतलं असतं तर तेही त्याच रिटर्नमध्ये यायला हवं होतं. पण आपल्याकडे डिसेंबरचा शेवट म्हणजे रिसॉर्टला डोकं वर काढायला फुरसत नसते, नाताळ ते नवीन वर्ष सगळ्या खोल्या भरलेल्या, बिल मॅनेजरच्या टेबलावर पडून राहिलं आणि मुंबईला जानेवारीत पोचलं, तर त्यांनी जानेवारीत कापलं असणार. मग पैसे भरायची मुदत ७ फेब्रुवारी आणि तुम्हाला दिसणार थेट मे अखेर रिटर्न भरल्यानंतर. म्हणजे आज न दिसणं हे काळजीचं कारण नाही, पण विचारायचं कारण नक्की आहे.

बघताना एवढं तपासा. इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर View Form 26AS मध्ये गेलात की असेसमेंट इयर 2026-27 निवडा, कारण ही बिलं आर्थिक वर्ष २०२५-२६ ची आहेत. पुष्कळ लोक 2025-26 निवडतात, मागच्या वर्षाचे आकडे बघतात आणि पार्टीला फोन करून भांडतात. रिसॉर्टच्या नावाखाली जी ओळ येईल तिच्यात मिळालेली किंवा जमा केलेली रक्कम, कापलेला टॅक्स आणि भरलेला टॅक्स असे तीन आकडे असतात. तुमच्या ओळीत ६०,०००, ६०० आणि ६०० दिसले पाहिजेत आणि स्टेटसला F. F म्हणजे सगळं जुळलं. U दिसलं तर रिटर्नमध्ये नाव घातलंय पण चलान जुळत नाही, तेव्हा मात्र लगेच कळवायचं.

आता मेल. मी मराठीतच देतो, त्यांचं ऑफिस मुंबईचं आहे, समजेल. आकडे ओळीत ठेवा, परिच्छेदात कोंबू नका, कारण वाचणारा अकाउंटंट तुमची वाक्यं नंतर वाचतो, आधी आकडे त्याच्या स्क्रीनवरच्या लेजरशी टिकमार्क करतो.

> विषय: बिल क्र. ४१ व ५८ – खात्यातील १,५४४ रुपयांच्या फरकाचा खुलासा
>
> मा. अकाउंट्स विभाग,
>
> आपला मेल मिळाला, धन्यवाद. आमच्या मागच्या स्टेटमेंटमध्ये दिसलेले १,५४४ रुपये ही आपल्याकडची थकबाकी नसून आपण कापलेल्या टीडीएसची आमच्याकडे नोंद व्हायची राहिली होती. त्यातल्या १,४०० ची नोंद आता केली असून दुरुस्त स्टेटमेंट सोबत जोडलं आहे, उरलेल्या १४४ बद्दल खाली लिहिलं आहे. बिलवार हिशोब असा:
>
> बिल क्र. ४१, ऑक्टोबर २०२५
> मूळ रक्कम ६०,०००, जीएसटी १०,८००, एकूण ७०,८००
> बँकेत जमा ७०,२००, टीडीएस ६०० (६०,००० वर १ टक्का)
> शिल्लक शून्य
>
> बिल क्र. ५८, डिसेंबर २०२५
> मूळ रक्कम ८०,०००, जीएसटी १४,४००, एकूण ९४,४००
> बँकेत जमा ९३,४५६, कपात ९४४
> ८०,००० वर १ टक्का टीडीएस ८००, फरक १४४
>
> बिल क्र. ५८ मध्ये कपात जीएसटीसह ९४,४०० वर झालेली दिसते. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असल्याने सीबीडीटी परिपत्रक २३/२०१७ नुसार ती ८०,००० वर अपेक्षित आहे. या बिलाचा टीडीएस अजून आमच्या २६एएसमध्ये दिसत नाही. कृपया दोन गोष्टी कळवाव्यात:
>
> एक, हा टीडीएस कोणत्या तारखेला भरला आणि तो कोणत्या तिमाहीच्या रिटर्नमध्ये येणार आहे.
> दोन, रिटर्नमध्ये रक्कम ८०,००० व टीडीएस ८०० दाखवून १४४ आम्हाला देणार, की ९४४ आमच्या पॅनवर जमा दाखवणार. दोन्ही आम्हाला मान्य आहे, त्याप्रमाणे आम्ही नोंद करू.
>
> बिल क्र. ४१ चा टीडीएस २६एएसमध्ये आला आहे, त्याचं टीडीएस सर्टिफिकेट म्हणजे फॉर्म १६ए पाठवावा ही विनंती. आमचा पॅन बिलावर आहे, खात्री म्हणून सोबत प्रतही जोडली आहे.
>
> आपला,
> (नाव, फर्मचं नाव, मोबाइल)

बिल क्र. ४१ आणि ५८ हे नमुन्याचे आहेत, तिथे तुमच्या बिलांचे नंबर आणि शेवटी तुमचं नाव-नंबर घाला. मेल अकाउंट्सला आणि सीसीमध्ये रिसॉर्टच्या मॅनेजरला, कारण तुमचं पुढचं बिल त्याच्याच टेबलावरून जाणार आणि त्याला कळलेलं बरं की तुम्ही पैशासाठी मागे लागलेला नाही.

या मेलमध्ये काही शब्द मी मुद्दाम टाळलेत. "आपण चुकीचं कापलं" असं कुठेही नाही, "जीएसटीसह कपात झालेली दिसते" असं आहे. हे केवळ गोड बोलणं नाही. ९३,४५६ या आकड्यावरून आपण काढलेला तो अंदाज आहे, त्यांचं वर्किंग आपण बघितलेलं नाही. आणि पहिल्याच वाक्यात "थकबाकी नाही" हे आलं पाहिजे. त्यांनी तेवढंच विचारलंय, आणि ते वाचलं की पुढचं माणूस शांतपणे वाचतो. वेंगुर्ल्याकडे माझा एक लाँड्रीवाला क्लायंट होता, हॉटेलच्या चादरी-टॉवेल धुवायचं काम, त्याच्या मुलाने सॉफ्टवेअरमधून ऑटोमॅटिक रिमाइंडर लावून ठेवले होते आणि टीडीएसची रक्कम बाकी समजून दर आठवड्याला हॉटेलला "ओव्हरड्यू" असा मेल जायचा. हॉटेलवाल्याने कंटाळून कामच दुसऱ्याला दिलं, आणि बाकी म्हणून जे मागत होते ते सगळं २६एएसमध्ये व्यवस्थित जमा होतं.

१४४ च्या बाबतीत माझं मत सांगतो. ते रोख मागायचा आग्रह धरू नका. तुमच्या पॅनवर ९४४ जमा झाले तर ते पूर्ण तुमचेच आहेत, तुमच्या इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये सगळे ९४४ क्रेडिट घ्या, तेव्हा जर्नल मारून ते १४४ पण टीडीएस रिसीव्हेबलमध्ये टाका आणि रिसॉर्टचं खातं शून्य करा. पैसा बुडत नाही, फक्त काही महिने अडकतो. मेलमध्ये विचारायचं कारण रक्कम नाही, कारण दुसरं आहे. त्यांनी रिटर्नमध्ये ९४,४०० वर ९४४ असं दाखवलं तर तुमच्या २६एएसमध्ये आणि एआयएस या डिपार्टमेंटच्या वार्षिक माहितीपत्रकात रिसॉर्टकडून मिळालेली रक्कम ९४,४०० दिसणार, आणि तुम्ही हिशोबात विक्री ८०,००० दाखवणार. १४,४०० चा हा फरक जीएसटीचा आहे हे तुम्हाला माहीत आहे, पण डिपार्टमेंटच्या कॉम्प्युटरला नाही, त्याला तुम्ही विक्री कमी दाखवली असं वाटू शकतं. एका बिलात काही होत नाही. वर्षभर सगळ्या बिलांना हेच चालू राहिलं तर फरक मोठा होतो आणि नोटिशीला उत्तर देत बसावं लागतं. म्हणून आत्ताच, छोट्या रकमेवर, सवय सुधारून घ्यायची. आणि शेवटी ते ९४,४०० च दाखवणार असतील तर ते बिल आणि हा मेल एका फाइलला लावून ठेवा, उत्तर तयार राहील.

उत्तर काय येईल त्यावर पुढचं. जानेवारीत कापलं, ७ फेब्रुवारीच्या आत भरलं असं आलं तर विषय संपला, जूनमध्ये २६एएस एकदा बघा आणि मगच तुमचं इन्कम टॅक्स रिटर्न भरा. फॉर्म १६ए रिटर्नच्या मुदतीनंतर १५ दिवसांत द्यायचा असतो, म्हणजे तिसऱ्या तिमाहीचा १५ फेब्रुवारीपर्यंत आणि चौथ्याचा १५ जूनपर्यंत, आणि तो ट्रेसेस या टीडीएसच्या सरकारी साइटवरून डाउनलोड केलेलाच हवा. कुणी एक्सेलमध्ये टाइप करून सही-शिक्का मारून दिला तर तो घेऊन उपयोग नाही.

"कापलाय पण भरायचा राहिलाय" असं आलं तरी आवाज चढवू नका. उशिराच्या प्रत्येक महिन्याला किंवा त्याच्या भागाला दीड टक्का व्याज त्यांना बसतं आणि रिटर्न उशिरा भरलं तर दिवसाला २०० रुपये फी, त्यामुळे त्यांचा अकाउंटंट तुमच्यापेक्षा जास्त घाईत असतो, एकदा लक्षात आणून दिलं की भरतो. तुमच्या बाजूने कलम २०५ आहे, तुमच्याकडून टॅक्स कापला गेला असेल तर तेवढा टॅक्स डिपार्टमेंट पुन्हा तुमच्याकडून वसूल करू शकत नाही. पण व्यवहारात २६एएसमध्ये नसलेलं क्रेडिट रिटर्नमध्ये टाकलं की आधी डिमांड येते आणि मग तुम्ही कागद दाखवत बसता, म्हणून कलमावर विसंबण्यापेक्षा त्यांच्याकडून एंट्री करून घेणं सोपं. कापल्याचा पुरावा म्हणजे त्यांचा पेमेंट अॅडव्हाइस, किंवा आत्ताच्या या मेलला त्यांचं उत्तर. म्हणूनही हा मेल लेखीच हवा, फोनवर मिटवू नका.

आता, भागाकार केला आणि एक टक्का किंवा १.१८ आलाच नाही तर? दोन टक्के आला तर बहुधा त्यांनी तुम्हाला फर्म किंवा कंपनी धरलंय, तुमच्या दुकानाच्या नावात "एंटरप्रायझेस" असलं की हे हमखास होतं, पॅनची प्रत पाठवा. दहा टक्के आला तर तुमचं काम त्यांनी प्रोफेशनल फीमध्ये टाकलंय. एसीची नेहमीची सर्व्हिसिंग, गॅस भरणं, पार्टसह मेंटेनन्सचं कंत्राट हे १९४सी मध्ये बसतं, १९९५ च्या सीबीडीटी परिपत्रक ७१५ मध्ये रूटीन मेंटेनन्सबद्दल हे दिलेलं आहे, तेवढा उल्लेख करून विनंती करा. वीस टक्के म्हणजे पॅन त्यांच्याकडे नाही किंवा चुकीचा टाइप झालाय, हे मात्र त्याच दिवशी फोन करून सांगायचं.

कधी कधी चार टक्के दिसतो आणि माणूस घाबरतो. समजा तुम्ही एखाद्या हॉटेलला वर्षात २८,००० ची बिलं देताय. एक बिल ३०,००० च्या आत, म्हणून पहिल्या तिघांवर काही कापलं नाही, बेरीज ८४,०००. चौथं बिल आलं आणि वर्षाची बेरीज १,१२,००० झाली, एक लाखाच्या वर. आता त्यांना आधीच्या तिन्ही बिलांसकट एक टक्का कापावा लागतो, म्हणजे १,१२० रुपये, आणि ते सगळे चौथ्या बिलातून जातात. २८,००० वर १,१२० म्हणजे बरोबर चार टक्के. हे योग्य आहे, तक्रार करू नका, फक्त जर्नल मारताना चारही बिलांचे नंबर लिहा.

आणि भागाकारात काहीच धड येत नाही, उदाहरणार्थ दोन हजार किंवा पाच हजार असा गोल आकडा कमी आलाय, तर तो बहुधा टीडीएस नाही. कॉम्प्रेसर पुन्हा बंद पडला म्हणून मॅनेजरने रोखून ठेवले असतील, किंवा डेबिट नोट टाकली असेल. समुद्राच्या खाऱ्या हवेने कॉइल लवकर गंजते आणि दोष मेकॅनिकवर येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. तिथे हा मेल चालणार नाही, तिथे कपातीचं कारण लेखी मागायचं. तसंच एखाद्या छोट्या होमस्टेवाल्याने "टीडीएस कापला" म्हटलं तर त्याच्याकडे टॅन, म्हणजे टीडीएस कापणाऱ्याला लागणारा नंबर, आहे का ते विचारा. व्यक्तीच्या नावावरच्या धंद्याला मागच्या वर्षी एक कोटीच्या वर उलाढाल असेल तरच कंत्राटावर टीडीएस कापावा लागतो. चार खोल्यांचा होमस्टे बहुतेक त्यात येतच नाही. टॅन नसताना कापलेला पैसा तुमच्या पॅनवर कधीच येणार नाही, ती सरळ बाकी आहे. नगरपरिषद किंवा सरकारी रेस्ट हाऊसचं काम केलंत तर अडीच लाखांच्या वरच्या कंत्राटावर दोन टक्के जीएसटीचा टीडीएससुद्धा वेगळा जातो, तो २६एएसमध्ये न शोधता जीएसटी पोर्टलवर शोधायचा.

पुढच्या बिलापासून बिलाच्या तळाला एक ओळ छापून घ्या: "टीडीएस कपात जीएसटी वगळून मूळ रकमेवर करावी, प्रोप्रायटर, पॅन अमुक." रक्कम मात्र बिलातून वजा करून दाखवू नका. कलमाचा नंबरही छापू नका, कारण १ एप्रिल २०२६ पासून नवीन इन्कम टॅक्स कायदा २०२५ लागू होतोय आणि त्यात पगार सोडून बाकी टीडीएस कलम ३९३ मध्ये एकत्र केलाय. तुमची ही दोन्ही बिलं जुन्या कायद्यातली, त्यांना १९४सी च.

मेलला उत्तर आलं की त्याच धाग्यात ३१ मार्चच्या तारखेचं बॅलन्स कन्फर्मेशन मागून ठेवा. एप्रिल-मेमध्ये रिसॉर्टला उन्हाळी सुट्टीची गर्दी असते, तेव्हा मुंबईहून उत्तर मिळणं अवघड जातं.